जोडीतला दुसरा खडा

उवैस हाजियारांच्या हातात खडा दिला की पहिली दोन मिनिटं समोरच्याने गप्प बसायचं, हा लंकेतल्या बेरुवलाच्या रत्नबाजारातला न लिहिलेला कायदा होता. खडा ते आधी खालच्या ओठाला लावत. कोमट लागला तर काच, गार लागला तर पुढे बघायचं. मग उत्तरेच्या खिडकीशी जाऊन भिंग डोळ्याला. काचेला ते फार वेळ देत नसत. आत गोल बुडबुडे, पाकात चमचा फिरवल्यासारखे वळसे आणि पैलूंच्या कडा वापरून गोल झालेल्या दिसल्या की, "सरबताची बाटली आहे, घरी ने आणि सरबत कर," एवढं बोलून खडा परत करत.

खरा खडा आला की मात्र ते रमत. आत केसाहून बारीक सुया, तीन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या, उजेड फिरवला की रेशमासारख्या चमकणाऱ्या. कुठे बोटाच्या ठशासारखी सूक्ष्म थेंबांची जाळी. नीलम असेल तर निळ्या रंगाचे सरळ पट्टे, वळले तरी कोनात वळणारे. बायका ते बघून रडवेल्या होत, आमच्या खड्याला डाग निघाला म्हणत. हाजियार त्यांना सांगत की तो डाग नाही, जन्माचा दाखला आहे. जमिनीच्या पोटात जे वाढलं त्याच्या अंगावर काहीतरी खूण राहणारच.

सगळ्यात अवघड तिसरी जात, भट्टीतली. ती काच नव्हे. माणकाची आणि नीलमाची जी माती तीच तिची, म्हणून ती ओठाला तशीच गार, तशीच कठीण, तेवढ्याच वजनाची. फक्त ज्योतीत भुकटी वितळून थेंबाथेंबाने वाढवलेली, त्यामुळे तिचे थर डोंगरमाथ्यासारखे बाकदार बसतात. नीट उजेडात ते ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारखे दिसतात, आणि मधूनमधून एखादा गोल बुडबुडा, कधी शेपटीवाला. या रेघा हाजियारांना इतरांच्या आधी दिसत. त्यांची नजर चुकत नाही असं अख्खा बाजार म्हणे. हाजियारांनाही ते खरं वाटे, आणि दुखण्याचं मूळ तिथंच होतं.

त्या सकाळी कलमुनईहून शिफाया आली. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या नफीसाच्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. आईच्या निधनाला सहा महिने झाले होते. रुमालाच्या गाठीतून तिने एक कानातलं काढलं, एकच. सोन्याचं फूल, मागून बंद, मध्ये चिंचोक्याएवढं माणिक.

"मामा, याची अंगठी करायची आहे," ती म्हणाली. "मावशीने केली होती ना, तशीच. दुसरं तिच्याकडे गेलेलं."

हाजियारांनी ते हातात घेतलं आणि ओठाला लावायचं विसरले. हे कानातलं कुठलं ते त्यांना सांगायला नको होतं. पहिलं महायुद्ध संपलं त्या वर्षी त्यांच्या आजोबांच्या दुकानातून हा जोड गेला होता. नफीसाच्या आईच्या लग्नातला. ती गेल्यावर दोघी बहिणींनी तो वाटून घेतला, एक एकीला, एक दुसरीला. धाकटीने आपलं फूल पेटीत ठेवलं ते तसंच. थोरलीने, म्हणजे नफीसाने, सात वर्षांपूर्वी आपल्या फुलाची अंगठी करायला सादिरिस बासांकडे दिली.

आणि तिथून सगळं बिघडलं.

सादिरिस बास, म्हणजे सादिरिस उस्ताद, कलुवामोदऱ्याचे सोनार. हाजियारांच्या दुकानाचं काम वीस वर्षं त्यांच्याकडे. माणूस इतका सरळ की सोनं गुंजभर कमी पडलं तर स्वतःहून येऊन सांगायचे आणि वर शरमायचे. त्यांनी नफीसाचं फूल उघडलं, खडा काढला आणि नव्या चालीप्रमाणे मागून उघड्या, चार नख्यांच्या कोंदणात बसवला. अंगठी घरी गेली, नफीसाने ती बोटात घातली आणि म्हणाली, हा माझ्या आईचा खडा नाही. आईचा खडा निखाऱ्यासारखा लाल होता. हा फिका आहे, आणि त्यात जांभळी झाक आहे.

आता यात नवल काहीच नव्हतं. जुने लोक बंद कोंदणात खड्याखाली रंगवलेला वर्ख घालत. वर्ख गेला की रंग बदलणारच. हाजियारांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी नफीसाला तसं सांगितलंही. पण ती अंगठी पुढे करून बसली, तेव्हा त्यांनी भिंग लावलं. खडा आता मागून उघडा होता. पहिल्यांदाच त्याच्यातून आरपार उजेड जात होता. हाजियारांनी पांढरा कागद खाली धरला, अंगठी तिरकी केली, आणि त्यांना रेघा दिसल्या. बाकदार. घासणीची रेघ पैलूच्या कडेशी थांबते; या रेघा कडेपलीकडे तशाच पुढे गेल्या होत्या. खाली एक बुडबुडा.

भट्टीतला खडा आहे, असं ते म्हणाले. ते खरंच होतं.

नफीसाने विचारलं, "म्हणजे माझ्या आईचा नाही?"

इथे हाजियारांनी एक गोष्ट करायला हवी होती. त्यांच्या वाप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्यांना दुधाचे दात पडायच्या वयात शिकवलेली: जोडीतला एक खडा आला तर दुसरा मागव, दोन्ही शेजारी ठेव, मग तोंड उघड. कलमुनई लांब असली तरी बस जात होती. एक पत्र टाकायचं होतं. पण दुसरा मागवायचा म्हणजे आजोबांच्या दुकानातून गेलेल्या मालावर शंका घ्यायची, आणि ती घ्यायची वेळ या घरात कधी आली नव्हती. हाजियारांना ती सुचलीसुद्धा नाही. निदान पुढे सात वर्षं ते स्वतःला असंच सांगत राहिले. ते म्हणाले, "आमच्या आजोबांनी असला माल विकला नाही."

बस, एवढंच. सादिरिस बासांचं नावही त्यांनी घेतलं नव्हतं. पण सोनाराच्या हातून खडा गेला, परत आला तो दुसराच आला. मधे कोण होतं ते शेंबडं पोरही सांगेल. दुपारपर्यंत गोष्ट बाजारभर झाली. नफीसाच्या नवऱ्याने पोलिसांत जायचं टाळलं आणि आपण केवढे दयाळू ते चार ठिकाणी सांगितलं.

सादिरिस बास दुसऱ्या दिवशी आले. ओरडले नाहीत, शपथाही घेतल्या नाहीत. काडेपेटी उघडून जुन्या लाखेचा चुरा आणि काळा पडलेला वर्ख दाखवला, म्हणाले की हे त्या फुलातून निघालं, खडाही त्याच्यावरच होता. मग हात जोडून म्हणाले, "हाजियार, दुसरं फूल एकदा बघा. फक्त बघा."

"मला गरज नाही," हाजियार म्हणाले होते.

त्यावर बासांनी काडेपेटी मिटली. मग म्हणाले की त्या दिवशी बाकावर आणखी एका गिऱ्हाइकाचा लाल खडा होता खरा. तो तर ज्याचा त्याला गेला. पण हाजियारांना जे दिसलं ते दिसलं. म्हणजे आपल्याच हातून काहीतरी झालं असेल. एवढं बोलून ते गेले. त्यांना त्या बाजारात पुन्हा कुणी खडा दिला नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना बुडं बसवून ते दिवस काढतात, असं मधूनमधून कानावर येई. हाजियार तेवढ्यापुरते कासावीस होत आणि मग दुसऱ्या विषयावर जात.

आता दुसरं फूल त्यांच्या तळहातावर होतं, न मागवता आलेलं.

त्यांनी शिफायाला आत बायकोकडे, सल्मा उम्माकडे, चहाला पाठवलं. खोलीचं दार लावून घेतलं. फूल उलटं करून आधी पाठ बघितली. सोन्याचा पत्रा कुठे उचकटलेला नाही. खड्याभोवतीची कड एकसारखी दाबलेली, वापराने गुळगुळीत झालेली, तिच्या खाचेत पन्नास-साठ वर्षांचं तेल आणि मळ बसलेला. हे फूल बसवलं त्या दिवसापासून कुणी उघडलं नव्हतं, याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नव्हती. आणि सादिरिस बासांच्या हाताखालून तर ते कधी गेलंच नव्हतं.

कोंदण उघडणं हे सोनाराचं काम. पण बासांनंतर हाजियारांच्या दुकानाला कायमचा सोनार नव्हता. त्यांनी स्वतःच टोचा घेऊन कड हळूहळू उचलली, फूल दिव्याच्या ज्योतीवर लांबून शेकलं, लाख मऊ झाली तसा खडा सुटला. खाली वर्ख होता, काळा पडलेला, कडेला अजून लालसर. बासांच्या काडेपेटीतला हुबेहूब असाच होता.

वर्ख गेल्यावर तळहातावरचं माणिक फिकं दिसू लागलं. जांभळट झाक.

काचेच्या वाटीत त्यांनी खोबरेल तेल ओतलं. तेलात पैलूंची चकाकी मरते आणि पोटातलं दिसू लागतं. वाटीखाली पांढरा कागद. खिडकीतून सकाळचा स्वच्छ उजेड येत होता, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. खडा त्यांनी चिमट्यात आडवा धरला आणि हळूहळू फिरवला. एका बाजूने काही नाही. दुसऱ्या बाजूने काही नाही. सुया नाहीत, जाळी नाही, एक कणसुद्धा नाही. इतका स्वच्छ की आजोबांनी अभिमानाने गिऱ्हाइकापुढे धरला असेल. मग आणखी जरा तिरका केला, आणि रेघा दिसल्या, एकाखाली एक, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या.

खणात सात वर्षांपासून ती अंगठी पडून होती. नफीसाने, असली अवलक्षणी वस्तू घरात नको, म्हणून त्यांच्याकडे टाकली होती. हाजियारांनी तिच्याही नख्या सोडवल्या आणि तो खडा पहिल्याच्या शेजारी तेलात सोडला. लांबी तीच, रुंदी तीच. दोन्ही खड्यांच्या बुडाशी कापणाऱ्याने एक जास्तीचा, वाकडा पैलू मारला होता, एकाच जागी, एकाच कोनात. एकाच कारागिराने एकाच आठवड्यात बसून कापलेला जोड. नफीसाच्या आईच्या कानात लग्नाच्या दिवशी हेच दोन खडे होते. कुणी काही बदललं नव्हतं. खडे पहिल्यापासूनच भट्टीतले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता. आजोबांनी तो माल रंगूनच्या दलालाकडून घेतला होता. त्या काळी हे नवे खडे जहाजं भरून पूर्वेला यायचे, खऱ्यांत मिसळून विकले जायचे, आणि त्यांची बाकदार रेघ या किनाऱ्यावर अजून कुणाला ठाऊक नव्हती. आजोबा सुया शोधत, काच शोधत. सुया नाहीत, काच नाही, म्हणजे सर्वांत उत्तम माल, एवढाच त्यांचा हिशेब. फसले बिचारे. पण फसलेल्या माणसाने विकलेला माल कुणी 'बिचारा' म्हणून घेत नाही.

हाजियारांनी दोन्ही खडे कागदाच्या पुडीत बांधले. शिफायाला त्यांनी सांगितलं की कोंदण जुनं आहे, घाई करून चालायचं नाही, दोन-तीन आठवड्यांनी ये. ती बिचारी हो म्हणाली आणि बसला गेली.

त्या रात्री जेवताना त्यांनी सल्मा उम्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्या कलुवामोदऱ्याला जा." तिच्या दृष्टीने त्यात दुसरं काही बोलण्यासारखंच नव्हतं. पण थोरला मुलगा झुहैर पानावरून उठला आणि दाराला टेकून उभा राहिला. दुकान आता तो बघत होता. त्याचं म्हणणं असं की या गल्लीत, धर्गा टाउनात, पार गॉलपर्यंत कितीतरी घरांत पणजोबांच्या दुकानातली माणकं आहेत. एका खड्याचं बोललो की दुसऱ्या दिवशी सगळे डब्या घेऊन दारात. त्यातले किती भट्टीतले निघतील?

"वाप्पा, मी सांगू नका म्हणत नाही," तो म्हणाला. "जरा थांबा म्हणतो. आपल्या नसरीनचं लग्न होऊन जाऊ दे. सात वर्षं गेली, त्यात पंधरा दिवस."

सल्मा उम्मा म्हणाली की पंधरा दिवस तुझे नाहीत, त्या बासचे आहेत. झुहैरने हाजियारांकडे बघितलं. आणि हाजियारांनी मान डोलावली. लाज वाटेल इतकी पटकन डोलावली.

त्या पंधरा दिवसांत ते एकदा अलुतगामापर्यंत गेले होते. कलुवामोदऱ्याचा फाटा तिथून जवळ. बाजारात उभं राहून त्यांनी शहाळं प्यायलं, काय बोलायचं ते मनात जुळवलं, आणि आज ऊन फार आहे असं स्वतःला सांगून परत फिरले. नातीचं, नसरीनचं, लग्न झालं. नारळाच्या दुधातलं गोड वट्टलप्पम छान झालं होतं असं सगळे म्हणाले; हाजियारांनी एक चमचा खाऊन ताटली बाजूला ठेवली. लग्नानंतर पाहुणे होते. पाहुण्यांनंतर पाऊस होता. कारण शोधणाऱ्याला कारणांची वाण कधी पडत नाही.

सोळाव्या दिवशी ते निघाले. झुहैरला न विचारता निघाले. अलुतगामाच्या पुढे बसमधून उतरून फाट्याला लागले, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना नारळाच्या झावळ्यांवर दोऱ्या बांधून पांढऱ्या पताका लावलेल्या. कुणाच्या तरी घरी मयत आहे एवढंच त्यांच्या मनात आलं. पताका वळल्या तिथं तेही वळले. पताका पाणंदीत शिरल्या, तीच बासांची पाणंद होती.

सादिरिस बास आदल्या दिवशी पहाटे गेले होते. छातीत कळ आली, पाणी मागितलं आणि आटोपलं. ओसरीवर शवपेटी ठेवली होती, उशाशी दिवा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाकांवर बसली होती. हाजियारांना बघून दोघं-तिघं उठले, म्हातारा मुसलमान एवढ्या लांब आला म्हणून त्यांना खुर्ची दिली. बासांचे हात छातीवर होते. पातेल्यांच्या कामाने बोटं जाड झाली होती, नखं फुटली होती. वीस वर्षं हीच बोटं हाजियारांनी चिमट्याहून नाजूक चालताना बघितली होती.

बासांची मुलगी यसवती चहा घेऊन आली, कोरा चहा आणि बशीत गुळाचा खडा. लग्न न झालेली, चाळिशीच्या आसपासची. तिने वडिलांना बघायला आल्याबद्दल त्यांचे आभार मानले. त्यांनी पलीकडे बघितलं. अंगणात, बासांचं कामाचं छप्पर होतं तिथं, जमीन हात-दीड हात खणलेली होती. कडेला मातीची पोती, वर बांबूची चाळणी पालथी.

ते त्यांनी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

यसवती म्हणाली, "खडा शोधत होते."

मग तिने सांगितलं, आवाज न चढवता. सोनार रोज संध्याकाळी बाकाखालचा केर गोळा करून ठेवतोच, सोन्याच्या कणांसाठी. बासांनी त्या प्रकारानंतर आधी तो केर चाळला, वर्षाचा, मग दोन वर्षांचा. मग जमिनीवरचं सारवण उकरलं. मग खालची माती. नफीसाबाईंचं माणिक इथंच कुठंतरी पडलं असणार, आणि आपण दुसराच खडा उचलून बसवला असणार, अशी त्यांची खात्री झाली होती. पातेली झाली की दिवेलागणीपर्यंत ते चाळत बसायचे. सापडलं की हाजियारांकडे घेऊन जायचं, असं म्हणायचे.

"आम्ही वडिलांना किती सांगितलं, तात्ता, तुमच्या हातून असं होणार नाही," ती म्हणाली. "त्यांचं एकच. हाजियारांची नजर चुकत नाही. मग चुकला तो माझाच हात."

हाजियारांना त्या दिवशी बोलता आलं नाही. समोर पेटी होती, माणसं होती, भिक्खू येऊन बसले होते. त्यांनी चहा प्यायला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते सकाळच्या बाजारात, सगळे दलाल पुड्या घेऊन उभे असतात त्या चौकात जाऊन उभे राहिले आणि पुडी उघडून दोन्ही खडे तळहातावर घेतले. नफीसाचे आणि शिफायाचे, जोडीचे, भट्टीतले, आणि आमच्या दुकानातून गेलेले, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. भिंग पुढे केलं. ज्याला बघायचं त्याने बघावं म्हणाले. बऱ्याच जणांनी बघितलं. झुहैर दुकानाच्या पायरीवर तोंड फिरवून उभा होता. नफीसाकडे ते स्वतः गेले. ती एवढंच म्हणाली की म्हणजे आई जन्मभर खोटा खडा मिरवत होती. सादिरिस बासांचं नाव तिच्या तोंडून आलं नाही. कलमुनईला पत्र गेलं. झुहैर म्हणाला होता तसं झालं, लोक डब्या घेऊन आले. काही माणकं खरी निघाली, काही नाही. हाजियारांनी प्रत्येकाला खरं सांगितलं. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. जे वाटत होतं ते वेगळं होतं.

सातव्या दिवशीच्या दानाला ते कलुवामोदऱ्याला गेले. भिक्खूंचं जेवण झालं, पुण्य मृताला अर्पण झालं, गावकऱ्यांची पानं मांडायची तयारी चालली होती. हाजियारांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून दोन शब्द बोलायची परवानगी घेतली. उभे राहिले. सिंहली त्यांना बाजारापुरती येत होती, तीच वापरली. सादिरिस बासांनी खडा बदलला नाही. हरवलाही नाही. त्यांनी काढला तोच खडा परत बसवला. तो खडा माझ्या आजोबांनी विकला तेव्हापासूनच तसा होता. मी दुसरा खडा बघायला हवा होता. बासांनी मला हात जोडून सांगितलं होतं, मी बघितला नाही. चूक त्यांची नाही, माझी आहे.

मग एक म्हातारा सोनार डोळे पुसत म्हणाला की बरं झालं, निदान आज तरी ऐकलं. दोघांनी येऊन हाजियारांचे हात धरले. कुणी वाईट बोललं नाही. मोठ्या मनाने आलात, असंही कोणीतरी म्हणालं, आणि ते त्यांना चाबकासारखं लागलं.

निघताना यसवती त्यांना पाणंदीपर्यंत पोहोचवायला आली. पांढरी साडी, डोळे कोरडे.

"आम्ही सात वर्षं हेच सांगत होतो," ती म्हणाली. "आमचं त्यांनी कधी ऐकलं नाही. तुम्ही सांगितलं असतं तर लगेच ऐकलं असतं."

हाजियारांनी मान खाली घातली.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

तिने ते सहज विचारलं होतं, त्यात आरोप नव्हता. तिला वाटलं असेल की परवा कळलं, काल कळलं. 'नुकतंच' एवढा एक शब्द पुरला असता. हाजियारांच्या जिभेवर तो आलाही. त्यांनी तो गिळला.

"बास गेले त्याच्या पंधरा दिवस आधी," ते म्हणाले.

यसवती तिथंच थांबली. ती रागावेल, ओरडेल, निदान तोंड फिरवेल, असं हाजियारांना वाटलं. तसं झालं तर बरं, असंही वाटलं. ती फक्त मागे वळून अंगणातल्या त्या खड्ड्याकडे बघत राहिली.

"ते पंधराही दिवस ते तिथंच बसले होते," ती म्हणाली.